लाइव्ह प्रश्नोत्तरं घेतली, २१२ फॉर्म आले, भेटीला तिघंच. कुठे चुकलं?

मुक्ता_सांगली

नमस्कार. मी सांगलीत सहा वर्षं करिअर समुपदेशन करते. मुख्यतः बारावीनंतरचे अभियांत्रिकी प्रवेश. आजवर सगळं काम तोंडी ओळखीतून आलं, एका पालकांनी दुसऱ्यांना सांगितलं म्हणून. यंदा वाटलं, जे मला ओळखत नाहीत त्यांच्यापर्यंतही पोचावं. म्हणून सीईटीचा निकाल लागल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ७ वाजता यूट्यूबवर लाइव्ह प्रश्नोत्तरं घेतली.

दोन तास दहा मिनिटं चाललं. एका वेळी १४० पर्यंत लोक होते. चॅट इतकं धावत होतं की एक प्रश्न वाचेपर्यंत तो वर निघून जायचा. खाली फॉर्मची लिंक होती: "कटऑफची यादी मोफत हवी असेल तर फॉर्म भरा." २१२ जणांनी भरला. तिसऱ्या दिवसापासून मी फोन करायला घेतले. निम्म्यांनी उचललेच नाहीत. कितीतरी जण म्हणाले, "कसलं सेशन? आम्ही यादीसाठी नंबर दिला होता." भेटीला आले तिघं.

त्यात माझ्या एका जुन्या शिक्षिकेने सेशन पाहून सांगितलं, "तू उत्तरं बरोबर दिलीस, पण ती कुणीही दिली असती." ते मनाला फार लागलं, कारण खरं होतं.

मला दोन्ही हवंय. लोकांना कळावं की हिला यातलं कळतं, आणि ज्यांना खरोखर गरज आहे त्यांचे नंबर मिळावेत. ऑप्शन फॉर्म भरायच्या वेळी पुन्हा एक सेशन घ्यायचंय. अनुभवी लोकांनी सांगा.

झुळूक

पहिल्याच वेळी १४० लोक म्हणजे चांगलेच की. वाचतेय.

प्रसन्न_के

मुक्ताताई, चूक उघड आहे. तुम्ही सगळं फुकट आणि खुलं ठेवलंत. पुढच्या वेळी झूमवर घ्या आणि आधी नाव, नंबर, ईमेल, शहर, पर्सेंटाइल, प्रवर्ग, बजेट भरल्याशिवाय लिंकच द्यायची नाही. जो एवढं भरेल तोच खरा गिऱ्हाईक. बघे गळून जातील ते बरंच. मी क्लासेससाठी हे करतो, आकडे चांगले येतात.

दिवाकर_नाशिक

मी गेली सात-आठ वर्षं समुपदेशकांच्या लाइव्हमागे बसतो. कॅमेरा, चॅट, प्रश्न निवडणं, नंतरचे फोन, सगळं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रसन्न म्हणतात त्यात अर्धं खरं आहे. फॉर्ममध्ये एखादा प्रश्न असा हवाच की ज्याने गरजू माणूस वेगळा कळेल. पण दारातच फॉर्म ठेवला तर ज्याने तुम्हाला कधी ऐकलेलं नाही तो आत येणारच नाही, आणि मुक्ताताईंना तर अनोळखी माणसांपर्यंत पोचायचंय. शिवाय झूम फुकटात ४० मिनिटं आणि १०० माणसं एवढंच देतं. क्लासला चालतं, कारण क्लासचं नाव आधीपासून माहीत असतं.

खरी चूक मला दिवसात दिसते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पालकांच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: "एवढ्या पर्सेंटाइलला कुठलं कॉलेज मिळेल?" त्याचं उत्तर कटऑफच्या यादीत असतं आणि यादी सगळ्यांकडे असते. त्या दिवशी तुम्ही कितीही चांगलं बोललात तरी यादी वाचून दाखवणारी बाई असंच दिसणार. तुमच्या शिक्षिकांना तेच दिसलं.

गुणवत्ता यादी लागली की चित्र बदलतं. ऑप्शन फॉर्म उघडतो, तो भरायला थोडेच दिवस असतात आणि घराघरात भांडणं सुरू होतात. वडिलांना शाखा महत्त्वाची, मुलाला कॉलेज, मामा म्हणतो मिळण्यासारखंच वर टाका. तिथे यादी उपयोगी पडत नाही, माणूस लागतो. सेशन त्या दिवसांत ठेवा, फॉर्म बंद व्हायच्या तीन-चार दिवस आधी. आणि विषय अरुंद ठेवा. "अभियांत्रिकी प्रवेशाविषयी सर्व काही" असं नाव दिलंत की कुणालाच ते आपलं वाटत नाही.

गजानन_वाशिम

मॅडम नमस्कार. माझ्या मुलाला ८८ पर्सेंटाइल आहे, ओबीसी. नॉन क्रिमी लेयरचं प्रमाणपत्र जुनं आहे, ३१ मार्चला संपलं. नवीनसाठी सेतूमध्ये अर्ज दिला आहे पण अजून मिळालं नाही. अर्ज ओपनमधून भरावा का? कृपया लवकर सांगा.

झुळूक

गजाननभाऊ, धागा सेशन कसं घ्यावं याबद्दल आहे हो. पण थांबा, मुक्ताताई सांगतीलच.

मुक्ता_सांगली

गजाननभाऊ, घाईने ओपनमधून भरू नका. सेतूत अर्ज केल्याची पावती मिळाली असेल ना? अलीकडच्या वर्षांत पावती जोडून ओबीसीमधून नोंदणी करता आली आहे. यंदाही तशी सोय आहे का आणि मूळ प्रमाणपत्र द्यायची शेवटची तारीख कोणती, हे सीईटी सेलच्या सूचनेत स्वतः वाचा. ती तारीख फार महत्त्वाची, कारण तोवर प्रमाणपत्र आलं नाही तर मुलाला खुल्या प्रवर्गात धरतात. म्हणून उद्याच प्रांत कार्यालयात पावती घेऊन जा आणि अर्ज कुठल्या टेबलावर अडकलाय ते विचारा. बहुतेक वेळा एखादा उत्पन्नाचा कागद कमी असतो आणि ते कुणी आपणहून कळवत नाही. आणि नवीन प्रमाणपत्र हातात आलं की त्यावरची वैधतेची तारीख तिथेच, खिडकीपाशी वाचा.

दिवाकरजी, दिवसाचं पटलं. पण चॅटचं काय करू? आणि फॉर्मचं?

दिवाकर_नाशिक

मुक्ताताई, वर गजाननभाऊंना जे उत्तर दिलंत ना, ते पुन्हा वाचा. "कुठल्या टेबलावर अडकलाय ते विचारा", "खिडकीपाशी तारीख वाचा." हे यादीत सापडत नाही. सेशनमध्ये अशी पाच उत्तरं झाली तरी पुरे. दोन तासांत साठ प्रश्न उडवण्यापेक्षा सव्वा तासात आठ-नऊ प्रश्न नीट सोडवा.

त्यासाठी प्रश्न आधी मागवायचे. तीन दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅपवर आणि चॅनेलवर सांगा की प्रश्न पाठवा. साठ आले तर त्यांचे आठ-नऊच गठ्ठे होतात, कारण लोक तेच तेच विचारतात. प्रत्येक गठ्ठ्यातला सर्वांत तपशीलवार प्रश्न निवडायचा आणि त्यावर घरी तयारी करून बसायचं. सुरुवातीची चाळीस-पंचेचाळीस मिनिटं याच प्रश्नांची. मग चॅट. चॅट तुम्ही स्वतः वाचायचंच नाही. शेजारी एक माणूस हवा जो प्रश्न उचलून कागदावर लिहून तुमच्यापुढे सरकवेल. यूट्यूबवर तुमचं बोलणं लोकांपर्यंत काही सेकंद उशिरा पोचतं, त्यामुळे "कळलं का?" असं विचारून लगेच चॅटकडे पाहिलं तर तिथे आधीच्या उत्तराच्या प्रतिक्रिया दिसतात आणि गोंधळ उडतो. लेटन्सी कमी करण्याची सेटिंग असते, ती लावा, आणि तरीही प्रश्न विचारून थोडं थांबायची सवय ठेवा.

एक प्रसंग सांगतो. आमच्याकडच्या एका मॅडमना एका आईने विचारलं, "मुलीला ८६.४ आहे, हव्या त्या कॉलेजात कॉम्प्युटरला मागच्या वर्षी ८७.२ ला बंद झालं, म्हणजे नावच काढायला नको ना?" मॅडमनी कटऑफची पीडीएफ पडद्यावर उघडली, त्या शाखेच्या ओळीवर आल्या आणि GOPENS या रकान्यावर कर्सर थांबवून म्हणाल्या, "ताई, तुम्ही इथे पाहिलंत. आता इकडे बघा." कर्सर LOPENS वर सरकवला. तिथे ८५.९ होतं. "L म्हणजे मुलींसाठी राखीव जागा. तुमच्या मुलीचा विचार दोन्हीकडे होतो." चॅट अर्धा मिनिट गप्प होतं. मग एकदम लोकांनी आपापल्या मुलींचे आकडे टाकायला सुरुवात केली. मॅडमनी त्यांना लगेच थांबवलं आणि सांगितलं की हा मागच्या वर्षीचा आकडा आहे, यंदाचं वचन नाही. त्या दोन मिनिटांचा तुकडा नंतर वेगळा टाकला. त्या वर्षी त्यांच्याकडे आलेल्या कितीतरी पालकांनी "ती मुलींच्या रकान्यावाली क्लिप पाहिली" असंच सांगितलं.

रानवारा

मी पालक म्हणून बोलते. गेल्या वर्षी मुलीसाठी असाच एका सेशनचा फॉर्म भरला आणि नंतर दोन महिने फोन येत राहिले. त्यातले काही अशा कॉलेजांचे होते ज्यांची नावंही आम्ही ऐकली नव्हती. म्हणजे नंबर पुढे दिला गेला. तेव्हापासून मी कुठेच खरा नंबर भरत नाही. तुमच्या २१२ मध्ये माझ्यासारख्या किती असतील, याचा विचार करा.

अ‍ॅड_स्मिता

रानवारा यांचा मुद्दा कायद्याचाही आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले आणि टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. त्यात १८ वर्षांखालील व्यक्ती बालक धरली आहे आणि तिची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. बारावीची बरीच मुलं अजून सतरा वर्षांचीच असतात. म्हणून नंबर पालकांचा घ्या, मुलाचा नाही. माहिती कशासाठी घेता ते एका ओळीत लिहा आणि तेवढ्यासाठीच वापरा. यादीसाठी घेतलेल्या नंबरावर समुपदेशन विकायला फोन करणं हे त्या संमतीत बसत नाही.

मुक्ता_सांगली

स्मिताताई, हे वाचून बसले होते तिथून उठले. माझ्या फॉर्मवर फक्त "मोबाइल नंबर" असं होतं आणि निम्मे फॉर्म मुलांनीच भरले होते. तो फॉर्म आज बंद केला. यादी सगळ्यांना पाठवून झाली आहे, आता ते नंबर काढून टाकते.

प्रसन्न_के

नंबर काढून टाकणं जरा जास्तच होतंय. २१२ नंबर म्हणजे मेहनत आहे. एक मेसेज तरी टाका की नको असेल तर कळवा.

अ‍ॅड_स्मिता

प्रसन्न, गप्प राहणं म्हणजे होकार धरता येत नाही. "हवं असेल तर कळवा" असा एक मेसेज यादीसोबतच गेला असता तर गोष्ट वेगळी होती.

नचिकेत_मस्कत

अवांतर: मी इथून भाच्यासाठी अशी सेशनं पाहतो. कृपया मायक्रोफोनवर खर्च करा. चेहरा अंधुक असला तरी चालतं, पण पंख्याचा आवाज आणि खोलीतला घुमारा असला की पाच मिनिटांत बंद करतो. कॉलरला लावायचा साधा वायरचा माइकही पुरतो.

झुळूक

नचिकेत +१. आणि मोबाइल विमान मोडवर टाकून वायफायवर घ्या. एका सेशनमध्ये सरांना मधेच फोन आला आणि सगळ्यांना पुढची वीस सेकंदं रिंगटोन ऐकू आली.

दिवाकर_नाशिक

आता फॉर्मबद्दल. मुक्ताताईंनी कटऑफच्या यादीच्या बदल्यात नंबर घेतला. यादी ज्याला हवी त्याला यादीच हवी असते. त्याला तुम्ही फोन केलात तर तो म्हणणारच, "कसलं सेशन?" बदल्यात अशी गोष्ट द्या जी फक्त तुमच्याकडे येणाऱ्यालाच हवी असेल. ऑप्शन फॉर्मच्या दिवसांत ती म्हणजे: "तुमचे पहिले दहा पर्याय क्रमाने लिहून पाठवा, मी क्रम पाहून एक शेरा कळवीन." ज्याने बसून दहा पर्याय लिहिले त्याचा प्रश्न खरा आहे. प्रसन्न म्हणतात ती चाळणी इथे आपोआप लागते, बजेट विचारावं लागत नाही.

आणि फॉर्मऐवजी लोकांकडूनच पहिला मेसेज येऊ द्या. व्हॉट्सअ‍ॅपची अशी लिंक बनते की दाबली की तुमच्या नंबरावर तयार मेसेज उघडतो:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=CAP
```

X च्या जागी तुमचा कामाचा नंबर. ही लिंक चॅटमध्ये वर पिन करा आणि पहिला प्रश्न सोडवून झाल्यावरच तिचा उल्लेख करा, सुरुवातीला नाही. आधी काहीतरी पदरात पडलं की माणूस मेसेज करतो. नंतर ब्रॉडकास्ट लिस्टवरून काही पाठवायचं तर समोरच्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला लागतो, नाहीतर मेसेज पोचतच नाही. म्हणून "नंबर अमुक नावाने सेव्ह करा" हेही सांगा.

शेवटचं म्हणजे वेळ. उत्तर त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. तिसऱ्या दिवशी पालक तुमचं नाव विसरलेला असतो आणि ऑप्शन फॉर्मही भरून मोकळा झालेला असतो.

आनंदी_वाचक

दिवाकरजी, दहा पर्यायांवर फुकट शेरा दिला तर पैसे देऊन कोण येईल? मी स्वतः अभिक्षमता चाचण्या घेते. मला वाटतं लाइव्हमध्ये फक्त दिशा द्यावी, नेमकं काही सांगू नये.

दिवाकर_नाशिक

आनंदीताई, शेरा म्हणजे एक वाक्य. "तुमचा चौथा पर्याय पहिल्याच्या वर का नाही, याचा घरी विचार करा," एवढंच. त्यातून प्रश्न सुटत नाही, पण प्रश्न कुठे आहे ते पालकांना दिसतं. तुमच्या चाचण्यांचं गणित वेगळं असेल, तिथे मला अनुभव नाही.

आनंदी_वाचक

मला अजून पटलेलं नाही. नेमकं सांगायची सवय लावली की लोक दर वर्षी फुकटच विचारतात, असा माझा अनुभव आहे. असो, मुक्ताताईंचं सेशन झालं की कळेल.

मुक्ता_सांगली (सहा आठवड्यांनी)

सेशन झालं, म्हणून परत लिहितेय.

नाव ठेवलं "८० ते ९२ पर्सेंटाइल, सांगली-कोल्हापूर, ऑप्शन फॉर्मचा क्रम". ऑप्शन फॉर्म बंद व्हायच्या चार दिवस आधी, रात्री साडेआठला, जेवणं उरकल्यावर. शेजारी माझी बहीण चिठ्ठ्या घेऊन बसली होती. आधी ५८ प्रश्न आले, त्यातले नऊ घेतले. लोक मागच्यापेक्षा कमी, एका वेळी ६५ च्या आसपास. पण शेवटपर्यंत चाळीसच्या वर टिकले.

सुरुवातीलाच सांगितलं की मी कुठल्याही कॉलेजकडून कमिशन घेत नाही, नंबर पालकांनीच द्यावा आणि तो याच कामासाठी वापरेन. त्यावर चॅटमध्ये एका आईने विचारलं, "मग तुमचे पैसे कुठून येतात?" मी माझी फी सांगितली. आवाज जरा कापला, पण त्यानंतर चॅटचा सूर बदलला.

सर्वांत जास्त वेळ एका प्रश्नावर गेला. एका वडिलांनी लिहिलं होतं की मुलाला खरं एक लांबचं कॉलेज हवंय, पण ते मिळणं कठीण, म्हणून जवळचं आणि हमखास मिळणारं पहिल्या क्रमांकावर टाकलंय, म्हणजे निदान ते तरी हातचं जाणार नाही. मी त्यांचे पर्याय नाव न सांगता कागदावर लिहून कॅमेऱ्यासमोर धरले आणि पेनाने एक-एक खाली येत दाखवलं. यंत्रणा वरून सुरुवात करते. पहिला मिळत नसेल तर दुसरा पाहते, मग तिसरा. वरचा अवघड पर्याय लिहिला म्हणून खालचा सोपा हातचा जात नाही. उलट सोपा पहिल्या क्रमांकावर लिहिला आणि पहिल्या फेरीत मिळाला, तर तीच जागा पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांचं दार बंद होतं. मुलाला जे सर्वांत हवं तेच वर, एवढंच. चिठ्ठ्या आणणारी बहीण मधेच थांबून ऐकत होती, कारण तिच्या मुलाचाही क्रम तसाच लावला होता.

एक चूकही झाली. एका प्रश्नाला मी एका कॉलेजची ट्यूशन फी वेव्हरची जागा आहे असं सांगितलं, आणि नंतर पाहिलं तर ती त्या शाखेला नव्हती. रात्रीच व्हिडिओखाली पहिल्या कमेंटमध्ये दुरुस्ती लिहून पिन केली आणि ज्यांनी विचारलं होतं त्यांना स्वतः कळवलं.

३४ जणांनी दहा पर्याय लिहून पाठवले. सगळ्यांना दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शेरा गेला, त्यासाठी रात्री दीडपर्यंत बसले. ११ जण पैसे भरून भेटीला आले, दोघं तर पहिल्या सेशनमधले, त्यांनी आपणहून शोधून काढलं.

आनंदीताई, तुम्ही म्हणता तेही झालं. सात-आठ जणांनी शेऱ्यावर दुसरा प्रश्न, मग तिसरा, असं चालूच ठेवलं. त्यांना कुठे थांबवायचं ते मला जमलं नाही.

प्रसन्न_के

२१२ वरून तीन आणि ३४ वरून ११. मान्य.

आनंदी_वाचक

मुक्ताताई, मी तिसऱ्या प्रश्नाला "हे बसून बोलायला लागेल" एवढंच लिहिते आणि भेटीच्या दोन वेळा सुचवते. काही जण रागावतात. तुमच्या पद्धतीने पुढच्या मे महिन्यात एक सेशन घेऊन पाहते, मग लिहीन.

दिवाकर_नाशिक

दुरुस्ती पिन केलीत हे फार चांगलं. आता एक काम उरलंय. व्हिडिओच्या वर्णनात नऊ प्रश्नांच्या वेळा टाका, पहिली ओळ 0:00 पासून, म्हणजे यूट्यूब त्याचे भाग पाडतं. पुढच्या फेरीआधी लोक तोच वडिलांचा प्रश्न शोधत येतील. फक्त शीर्षकात वर्ष लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी कुणी जुने नियम धरून बसणार नाही.

गजानन_वाशिम

मॅडम, पावती घेऊन प्रांत ऑफिसला गेलो होतो. उत्पन्नाचा एक दाखला कमी होता, कुणी सांगितलंच नव्हतं. दिला. प्रमाणपत्र मुदतीच्या चार दिवस आधी मिळालं, तारीख खिडकीपाशीच वाचली. आता मुलाला दुसऱ्या फेरीत इलेक्ट्रॉनिक्स मिळालं आहे, त्याला कॉम्प्युटर हवं आहे. थांबावं का? तुमची फी किती ते पण सांगा.